‘लवकरात लवकर’ म्हणजे १८ मार्च

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेतले एक अधिकारी. मुलगा म्युनिकला नोकरी करतो, सून मे महिन्यात बाळंत होणार आहे. आई-वडिलांनी महिनाभर तरी यावं असा मुलाचा आग्रह आहे. पासपोर्ट तयार आहेत, विमानाची चौकशी झाली आहे, आणि पुण्याच्या व्हिसा केंद्रात २४ मार्च २०२६ ची वेळही मिळाली आहे. कागदांच्या यादीत एक ओळ आहे: नोकरी करत असल्यास मालकाचं पत्र, रजा मंजूर असल्याच्या उल्लेखासह. या एका ओळीसाठी मुख्य कार्यालयातल्या आस्थापना विभागाच्या साहेबांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू होतं.

“नमस्कार सर. व्हिसासाठी बँकेचं पत्र लागणार आहे.”

“कसलं? एनओसी का?”

“हो सर तेच. नोकरीचं पण हवंय.”

“डिटेल्स पाठवा.”

यानंतर पासपोर्टाच्या पहिल्या पानाचा थोडा तिरका फोटो. दोन दिवसांनी:

“रजा मंजूर आहे ना?”

“शाखाधिकारी साहेब हो म्हणालेत सर.”

“कधीपर्यंत पाहिजे?”

“लवकरात लवकर सर. पुढच्या आठवड्यात मिळालं तर बरं होईल.”

“मार्च एंड आहे. बघतो.”

प्रसंग मी रचलेला आहे, पण यातलं एकेक वाक्य अशा कामात पडलेल्या माणसाने कधी ना कधी लिहिलेलं किंवा वाचलेलं असतं. दोन्ही बाजूंची माणसं चांगली आहेत, कुणी टाळाटाळ करत नाही. तरीही या संवादावरून पत्र टाइप करायला बसलेल्या कारकुनाला ते करता येणार नाही, कारण त्याला लागणारी एकही गोष्ट इथे पूर्ण झालेली नाही. आणि चार दिवसांनी साहेबांच्या फोनवर शंभर नवे मेसेज आल्यावर हा संवाद वर कुठेतरी निघून गेलेला असतो.

चॅटवरची ही मागणी रीतसर ई-मेलमध्ये कशी आणायची, आणि विशेषतः त्यात मुदत कशी घालायची, एवढाच या लेखाचा विषय आहे. चॅटचा मजकूर सभ्य भाषेत उतरवून काढला म्हणजे मेल झाला, असं अनेकांना वाटतं. खरं काम त्याआधीचं आहे: चॅटमध्ये कोणती गोष्ट ठरली, कोणती नुसती गृहीत धरली आणि कोणती बोललीच गेली नाही, हे वेगळं काढायचं.

वरचा संवाद त्या नजरेने पुन्हा वाचा. ‘एनओसी का?’ या प्रश्नाला ‘हो तेच, नोकरीचं पण’ असं उत्तर गेलं. आता साहेबांच्या मनात एक पत्र आहे की दोन? बँकेच्या दृष्टीने ना हरकत पत्र म्हणजे या माणसाने परदेशी जायला आमची हरकत नाही, आणि नोकरीचा दाखला म्हणजे हा माणूस आमच्याकडे अमुक पदावर आहे. दूतावासाला यांतलं कुठलंच एक पुरेसं नाही. त्याला एकाच कागदावर हा माणूस कोण, किती काळ नोकरीत, पगार किती, रजा कधीपासून कधीपर्यंत आणि परत कामावर केव्हा रुजू होणार हे सगळं हवं असतं. व्हिसा नाकारताना जी छापील कारणं दिली जातात, त्यांत मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे, असं एक कारण आहे. मालकाचं पत्र या शंकेवरचं उत्तर आहे. पंचवीस-सत्तावीस वर्षांची कायम नोकरी, मंजूर रजा आणि परतून रुजू होण्याची तारीख, यांतून माणूस परत येणार हे दिसतं. नुसतं ‘आमची हरकत नाही’ या वाक्यातून ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट रजेची. ‘साहेब हो म्हणालेत’ हे खरंच असेल. पण महिन्याहून लांब रजा बहुतेक बँकांत शाखेच्या पातळीवर मंजूर होत नाही, ती मुख्य कार्यालयाकडे जाते. मंजुरीचा आदेश निघालेला नसताना ‘रजा मंजूर आहे’ असं पत्र कुठलाही जबाबदार अधिकारी देणार नाही आणि देऊही नये. म्हणजे आपल्याला एक पत्र हवं असं वाटत होतं, पण रांगेत आधी दुसरा कागद उभा आहे. चॅटमध्ये हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ‘बघतो’ म्हणणाऱ्या साहेबांच्या टेबलावर काम अडलंय ते इथे.

तिसरी गोष्ट मुदतीची, आणि तीच सर्वांत नाजूक. ‘पुढच्या आठवड्यात’ हा शब्द लिहिला गेला त्या दिवशी त्याला अर्थ होता. मेसेज पुढे पाठवला, दुसऱ्या माणसाने सोमवारी वाचला, की पुढचा आठवडा सात दिवसांनी सरकतो. ‘लवकरात लवकर’ला तर कधीच तारीख नसते. मार्चअखेरीच्या गर्दीत बँकेतल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट लवकरात लवकर हवी असते, त्यामुळे त्यातली कुठली आधी करायची हे त्या शब्दावरून ठरत नाही.

मग तारीख काढायची कशी? अपॉइंटमेंट २४ मार्चला, म्हणून ‘२३ पर्यंत द्या’ असं लिहिणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. मुदत शेवटाकडून मागे मोजत आणावी लागते. २४ मार्च मंगळवार आहे. सकाळची वेळ गाठायची तर सोमवारी, २३ तारखेला, पुण्याकडे निघावं लागणार. २२ ला रविवार. २१ ला शनिवार आहे आणि रमजान ईदची सुट्टी. ती चंद्रदर्शनावर असल्याने एखाद्या दिवसाने हलूही शकते. १९ ला गुरुवारी गुढीपाडवा. म्हणजे त्या अख्ख्या आठवड्यात पाडव्यानंतर बँकेचा एकच दिवस हाताशी उरतो, शुक्रवार २०. त्या दिवशी पत्र मिळालं आणि त्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं, तर दुरुस्त करून घ्यायला दिवसच नाही. म्हणून २० ही तारीख दुरुस्तीसाठी राखून ठेवायची, आणि पत्र हातात पडण्याची तारीख पाडव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी १८ मार्चला धरायची. वेळही ठरवायची, दुपारी चार; कारण सही करणारे अधिकारी संध्याकाळी बैठकीत अडकतात आणि शिक्का-जावक नोंद होईपर्यंत कार्यालय बंद होतं.

‘लवकरात लवकर’ या शब्दांना आता एक तारीख मिळाली.

अपॉइंटमेंटच पुढे ढकलता येणार नाही का, असा प्रश्न कुणी विचारेल. शेंगेन नियमांप्रमाणे अल्प मुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. अर्ज स्वीकारल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले आहेत, पण जास्त तपासणी लागली तर तो काळ ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात प्रवास ४ मेचा आहे. २४ मार्चला अर्ज दिला तरी मध्ये ४१ दिवस आहेत, म्हणजे सर्वांत लांबलेल्या निर्णयाइतकाही अवकाश नाही. त्यात उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर व्हिसा केंद्रातल्या वेळा भराभर संपतात. २४ तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल हे आपल्या हातात नाही. मुदतीमागचं हे कारण मेलमध्ये एका वाक्यात यायला हवं. तारखेमागे सुट्ट्यांचा आणि अपॉइंटमेंटचा हिशोब दिसला, की वाचणाऱ्याला ती अडवणूक वाटत नाही.

हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण आपल्याकडे मुदत लिहायला हात अडतो. वरिष्ठांना तारीख घालून द्यायची म्हणजे त्यांना हुकूम सोडल्यासारखं वाटतं. मग ‘आपल्या सोयीने’, ‘शक्य तितक्या लवकर’ असे मऊ शब्द येतात, आणि ज्यांच्या सोयीची आपण काळजी घेतली त्यांनाच शेवटच्या दिवशी फोनवर फोन करून धावपळ करायला लावतो. मला वाटतं, आदर राखायची जागा क्रियापदात आहे. ‘१८ मार्चपर्यंत मिळावे, ही विनंती’ या वाक्यात आदरही पूर्ण आहे आणि तारीखही पूर्ण आहे. ‘अत्यंत तातडीचे’, ‘अर्जंट’, मोठ्या अक्षरांत ‘कृपया’ यांची मग गरज राहत नाही.

आता मेल पाहू. तो ५ मार्चला, गुरुवारी पाठवला आहे. त्या दिवसापासून १८ तारखेपर्यंत, दुसरा शनिवार आणि रविवार वगळून, बँकेला कामाचे दहा दिवस मिळतात. बँकेचं अंतर्गत कामकाज मराठीत चालतं, म्हणून मेल मराठीत. मागायचं पत्र मात्र दूतावासासाठी आहे, म्हणून ते इंग्रजीत.

प्रति: आस्थापना विभाग, मुख्य कार्यालय
प्रत: शाखाधिकारी
विषय: जर्मनीच्या व्हिसासाठी नोकरी व मंजूर रजेबाबतचे इंग्रजी पत्र दि. १८ मार्च २०२६ पर्यंत मिळणेबाबत (नाव, कर्मचारी क्रमांक)

मा. महोदय,

मी आपल्या बँकेच्या सेवेत दि. १ जुलै १९९८ पासून असून सध्या या शाखेत अधिकारी पदावर काम करतो. म्युनिक येथे राहणाऱ्या मुलाकडे मी व माझी पत्नी दि. ४ मे ते ६ जून २०२६ या काळात जाणार आहोत. त्यासाठीचा व्हिसा अर्ज मंगळवार, दि. २४ मार्च २०२६ रोजी पुण्याच्या व्हिसा केंद्रात सादर करायचा आहे. अर्जासोबत बँकेचे पत्र मूळ प्रतीत जोडावे लागते.

हे पत्र मला बुधवार, दि. १८ मार्च २०२६ रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत मिळावे, ही विनंती. दि. १९ ला गुढीपाडवा, त्यानंतर ईद व रविवार अशा सुट्ट्या असून दि. २३ ला मला पुण्यास निघावे लागेल. पत्रात काही दुरुस्ती निघाल्यास त्यासाठी केवळ शुक्रवार, दि. २० हा एकच कामाचा दिवस हाती राहतो.

पत्र ‘जर्मन वाणिज्य दूतावास, मुंबई’ यांच्या नावे, बँकेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, सही व शिक्क्यासह असावे. त्यात पासपोर्टप्रमाणे माझे नाव व पासपोर्ट क्रमांक, पद, रुजू झाल्याची तारीख, सेवा कायम असल्याचा उल्लेख, सध्याचे मासिक एकूण वेतन, मंजूर रजेचा कालावधी आणि दि. ८ जून २०२६ रोजी मी कामावर रुजू होणार असल्याचा उल्लेख असावा. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव, पद, कार्यालयाचा दूरध्वनी व ई-मेल सहीखाली यावा. सोयीसाठी इंग्रजी मसुदा सोबत जोडला आहे. बँकेच्या पद्धतीप्रमाणे त्याची भाषा बदलण्यास माझी हरकत नाही. नावाचे स्पेलिंग व तारखा मात्र तशाच ठेवाव्यात.

माझा हक्काच्या रजेचा दि. २ मार्चचा अर्ज शाखाधिकाऱ्यांमार्फत आपल्याकडे आला आहे. रजा मंजूर झाल्याशिवाय हे पत्र देता येणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यामुळे मंजुरीबाबतचा निर्णय गुरुवार, दि. १२ मार्चपर्यंत कळावा. दि. १८ ची मुदत पाळणे काही कारणाने शक्य नसल्यास तेही त्याच दिवशी कळवावे, म्हणजे वेळेत पर्याय शोधता येईल.

पत्र तयार झाल्याचे कळवल्यास मी स्वतः मुख्य कार्यालयात येऊन घेऊन जाईन.

सोबत: पासपोर्टाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, अपॉइंटमेंटची पावती, रजा अर्जाची प्रत, इंग्रजी मसुदा.

आपला विश्वासू,
(नाव, पद, शाखा, कर्मचारी क्रमांक, मोबाइल)

हा मेल लांब वाटेल, पण त्यातलं एकही वाक्य चॅटमध्ये विचारल्या गेलेल्या किंवा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या उत्तराखेरीज लिहिलेलं नाही. विषयाच्या ओळीतच काय हवं आणि कधीपर्यंत हवं हे आलं आहे. मार्चमध्ये साहेब मेल उघडण्याआधी विषयांची यादी बोटाने वर-खाली करतात, तेव्हा ही एक ओळ तरी डोळ्यांखालून जाते. ‘व्हिसाबाबत’ किंवा ‘विनंती अर्ज’ असा विषय असेल तर ती संधी गेली.

मेलमध्ये तीन तारखांना वेगवेगळं काम आहे, आणि ती एकमेकांत मिसळू दिलेली नाहीत. २४ मार्च आपण बदलू शकत नाही अशी बाहेरची तारीख. १८ मार्च आपण मागितलेली मुदत. १२ मार्च मधला टप्पा, जिथे रजेचा निर्णय कळतो आणि काम वेळेत होणार की नाही याचाही अंदाज येतो. चॅटमधून मेल करताना बरेच जण फक्त २४ तारीख लिहितात. वाचणारा मग २३ च्या संध्याकाळपर्यंत निवांत राहतो, आणि त्यात त्याची चूक नसते. काही जण उलट करतात, सावधगिरी म्हणून ‘१० तारखेपर्यंत हवं’ असं कारण न देता लिहितात. दहा तारीख उलटली, काही बिघडलं नाही हे दिसलं, की पुढच्या खऱ्या तारखेवरही कुणाचा विश्वास बसत नाही. तारीख खरी असावी आणि तिचं कारण सोबत असावं.

मसुदा जोडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आस्थापना विभागाला असं इंग्रजी पत्र वर्षातून क्वचितच लिहावं लागतं. त्यांच्याकडे एखादा जुना नमुना असतो, बहुधा कर्जासाठी दिलेल्या पगाराच्या दाखल्याचा, आणि त्यात रजेचा उल्लेख नसतो. मसुदा दिला तर त्यांचं काम तपासून सही करण्याइतकं होतं. मसुद्यात पाच-सहा साधी वाक्यं पुरतात. हे गृहस्थ, पासपोर्ट क्रमांक अमुक, आमच्या बँकेत अमुक तारखेपासून कायम सेवेत आहेत, सध्या अमुक पदावर आहेत, त्यांचं मासिक एकूण वेतन इतकं आहे, त्यांना अमुक ते अमुक रजा मंजूर झाली आहे, ते पत्नीसह मुलाला भेटण्यासाठी जर्मनीला जात आहेत, अमुक तारखेला कामावर रुजू होतील, आणि या प्रवासाला बँकेची हरकत नाही. प्रवासाचा खर्च बँक करते असं चुकूनही त्यात येऊ नये; कामानिमित्त दौऱ्यावर जाणाऱ्यांच्या नमुन्यात तसं वाक्य असतं. इथे खर्च मुलगा करणार आहे आणि त्याने तिथल्या कार्यालयातून घेतलेलं हमीपत्र फाइलमध्ये वेगळं लागेल. दोन कागद दोन गोष्टी बोलू लागले की संशय तिथूनच सुरू होतो.

सर्वांत जास्त गोंधळ नावाचा. आपल्याकडे नोकरीच्या दप्तरात आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, अशी पद्धत अजून आहे. पगारपत्रकावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. शिवाय इंग्रजी स्पेलिंगात कुठे एक अक्षर जास्त, कुठे कमी. पत्रात नाव पासपोर्टातल्यासारखं अक्षर न अक्षर हवं. पगाराच्या स्लिपेवर ते वेगळं दिसत असेल, तर पत्रातच कर्मचारी क्रमांक घालावा, म्हणजे दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे जुळतं. पासपोर्टाच्या प्रतीत शेवटचं पान जोडायचं ते पत्ता आणि वडील-आई-पत्नीची नावं तिथे असतात म्हणून. आणि ही प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नये. ती विभागाच्या अधिकृत मेलवर स्वच्छ स्कॅन करून जावी, तिरक्या फोटोत क्रमांकातला शून्य आणि आठ ओळखू येत नाही.

तारखा लिहितानाही एक पथ्य. पत्रात ०४/०५/२०२६ असं लिहिलं तर आपण ४ मे वाचतो, पण महिना आधी लिहिण्याची सवय असलेला माणूस ५ एप्रिल वाचेल. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की प्रश्नच मिटतो. वेतनाचा आकडाही गेल्या तीन महिन्यांच्या स्लिपांशी जुळायला हवा. पत्रात एकूण वेतन आहे की हातात पडणारं, हे शब्दात स्पष्ट असावं, कारण बँक पासबुकात हातात पडणारी रक्कमच दिसते आणि तो फरक न सांगता राहिला तर आकडा फुगवल्यासारखा वाटतो.

हिंजवडीच्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या मोठ्या कंपनीत हेच काम वेगळं दिसतं. तिथे चॅट टीम्सवर होते, मेल इंग्रजीत जातो आणि पत्र बऱ्याचदा पोर्टलवरून आपोआप निघतं. अडचण तिथेही तीच निघते. पोर्टलच्या ठरीव पत्रात पद, पगार आणि रुजू झाल्याची तारीख असते, रजेच्या तारखा नसतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पद, पगार आणि नोकरीचा कालावधी सांगणारं पत्र चालतं, तिथे असं ठरीव पत्र भागवून नेतं. शेंगेनसाठी रजेचा उल्लेख मागून घ्यावा लागतो. म्हणून पोर्टलवर विनंती नोंदवली तरी एचआरला स्वतंत्र मेल करून कुठल्या देशासाठी, कुठले मुद्दे आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहावं, आणि पोर्टलचा विनंती क्रमांक त्यात घालावा.

मेल गेला म्हणजे चॅट बंद करायची असं नाही. साहेबांशी बोलणं तिथे सुरू झालं होतं, त्यामुळे तिथेच एक ओळ टाकावी: “सर, व्हिसाच्या पत्राबद्दल आत्ता विभागाच्या मेलवर रीतसर अर्ज पाठवलाय, मसुदा जोडला आहे. १८ तारखेपर्यंत हवं आहे, १९ ला पाडवा आहे.” यापुढे चॅटवर काहीही नवीन ठरलं, समजा साहेब म्हणाले की सही आता सरव्यवस्थापकांची लागेल, तर ते त्याच मेलला उत्तर देऊन लिहून ठेवावं: “आपल्याशी आज झालेल्या बोलण्याप्रमाणे पत्रावर सरव्यवस्थापकांची सही होणार आहे. ते १६ ते १८ मार्च या काळात कार्यालयात असल्याची खात्री कळवावी.” विभागातला माणूस बदलला, कुणी आजारी पडलं, तरी पुढच्याला सगळा धागा एकाच जागी सापडतो.

१२ मार्चला उत्तर आलं नाही तर १३ ला सकाळी फोन करावा, मेल नाही. फोनवर ‘पत्राचं काय झालं’ असं न विचारता ‘रजेचा आदेश निघाला का’ असं विचारावं, कारण काम तिथे अडलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आदेश निघालेला नसेल तर शाखाधिकाऱ्यांना बोलायला सांगायची ती वेळ. पत्राची तारीख रजा मंजुरीच्या आदेशाच्या आधीची पडू नये, हेही याच टप्प्यावर सांगावं. घाईत आधी टाइप करून ठेवलेल्या पत्रावर जुनी तारीख राहते, आणि आदेश ११ मार्चचा व पत्र ९ मार्चचं असा उलटा क्रम फाइलमध्ये जातो.

एवढं करूनही पत्र मिळालं नाही असं होऊ शकतं. तेव्हा दोनच प्रामाणिक रस्ते उरतात. अपॉइंटमेंट पुढची मिळते का पाहायचं, किंवा आहे त्या कागदांनिशी, म्हणजे रजेचा मंजुरी आदेश, तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, आयकर विवरणपत्र आणि बँकेचं ओळखपत्र घेऊन, अर्ज द्यायचा आणि पत्र नाही हे मान्य करायचं. दुसऱ्या रस्त्यात नकाराचा धोका आहे, तो जाणून घेऊनच जावं. कुणीतरी ओळखीचा लेटरहेड आणि शिक्का ‘जमवून देतो’ म्हणतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. सहीखालचा दूरध्वनी आणि मेल पडताळणीसाठीच असतो, आणि खोटा कागद आढळला तर तो नकाराचं स्वतंत्र कारण ठरतो. त्याची नोंद पुढच्या अर्जांच्या मागेही लागते.

बहुतेक वेळा मात्र पत्र येतं. बुधवारी १८ तारखेला ते हातात पडलं की मुख्य कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तिथल्याच खुर्चीवर बसून वाचावं, एका हातात पासपोर्ट धरून. नाव अक्षर न अक्षर, पासपोर्ट क्रमांक, रुजू झाल्याचं साल, वेतन, रजेची पहिली आणि शेवटची तारीख, ८ जून, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, चालू असलेला दूरध्वनी, जावक क्रमांक, आणि शिक्का सहीवर असा उमटलेला की दोन्ही वाचता येतील. पत्नीच्या अर्जाला याच पत्राची प्रत लागणार आहे, त्यामुळे दोघांच्या प्रवासाचा उल्लेख आहे ना, हेही पाहावं. काही चुकलेलं असेल तर तिथल्या तिथे दाखवावं आणि त्याच मेलवर दोन ओळी लिहाव्यात की अमुक शब्द दुरुस्त करून शुक्रवारी २० तारखेला सकाळी ११ वाजता घ्यायला येतो. काही चुकलेलं नसेल तर स्कॅन करून एक प्रत मुलाला म्युनिकला पाठवावी, आणि विभागाला त्याच धाग्यात कळवावं की पत्र मिळालं.